चीज वगळून कॉन्टिनेंटल

आपल्याकडे ‘कॉन्टिनेंटल’ जेवणाचा एक साचा ठरून गेलेला आहे. आधी सूप, मग पास्ता, शेजारी काचेच्या भांड्यातून आलेल्या बेक्ड भाज्या. हॉटेलात या तिन्हींवर चीज पडतं. सूपमध्ये किसून, पास्त्यात सॉस म्हणून आणि भाज्यांवर तर गादीसारखं. तिसऱ्या घासानंतर तिन्ही पदार्थांची चव एकच लागते, आणि गप्पांच्या नादात पानातलं गार झालं की त्याचं रबर होतं. ज्येष्ठ मंडळी ‘जड आहे हो हे’ म्हणून चमचा खाली ठेवतात, ते यामुळेच.

मग घरी करताना सरळ चीज वगळून टाकलं जातं, आणि तिथे दुसरी पंचाईत होते. पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीकडे सहा माणसं: सासू-सासरे, ती दोघं, कॉलेजातली मुलगी आणि सातवीतला मुलगा. मुलगा सोडला तर चीज कुणालाच नको. तिने पाककृती तशीच ठेवून फक्त चीज गाळलं. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “सूनबाई, हे पिठलंच आहे ना? मग मिरची कुठे गेली?” सासूबाई समजुतीने म्हणाल्या, “अगं, वाईट नाही लागत. पण याला काहीतरी चव दे.”

दोघांचंही बरोबर होतं. चीज हे सजावटीला असतं असं वाटतं, पण पदार्थात ते चार कामं करत असतं. ते मीठ पुरवतं. मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं, त्यामुळे जिभेवर रेंगाळणारी खमंग चव येते. त्यातली चरबी सॉसला अंगाशी धरून ठेवते. आणि भट्टीत वरून खरपूस रंग येतो तोही त्याच्यामुळेच. चीज काढलं की या चारही जागा रिकाम्या होतात. त्या कुणाकडून भरून घ्यायच्या, हे पदार्थागणिक ठरवावं लागतं. त्याच्या जागी पनीर किसून घालणं हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. पनीर वितळत नाही, त्यात मीठ नसतं, मुरलेपण नसतं. क्रीम ओतलं तर जडपणा परत येतो, चव मात्र येत नाही.

खुद्द इटलीत चीजशिवायचा पास्ता ही काही तडजोड मानली जात नाही. नेपल्सकडचा लसूण आणि ऑलिव्ह तेलातला स्पगेटी मुळात चीजशिवायच असतो. माशांच्या पास्त्यावर चीज घालणं तिथे बहुतेक घरांत चुकीचंच समजतात. आणि दक्षिणेकडे, सिसिली-कलाब्रियात, जिथे गरिबांना चीज परवडत नसे, तिथे शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग परतून पास्त्यावर भुरभुरायची पद्धत पडली. पालेर्मोचा तारलीसारख्या माशांचा पास्ता आजही या चुऱ्याशिवाय वाढत नाहीत. आपल्याला नेमकी हीच युक्ती उचलायची आहे. पाव आपल्याकडे आहे, आणि तो शिळाही होतो.

लादीपाव चार घ्या, दोन दिवसांचे. गोव्यात असाल तर कोंड्याची पोई घ्या, तिचा चुरा जास्त चवदार होतो. ताजा पाव मिक्सरमध्ये गोळा होतो, म्हणून तुकडे करून तासभर पंख्याखाली वाळवा आणि मग मिक्सर दोन-तीनदा फक्त झटका देऊन फिरवा. चुरा जाडसर रव्यापेक्षाही मोठा राहिला पाहिजे. बाजारात मिळणारा ब्रेडक्रम्सचा बारीक, कोरडा भुगा इथे चालत नाही. तो सॉस पिऊन लगदा होतो. चुऱ्याचे दोन भाग करा. एक भाग भाज्यांवर जाईल, तो कच्चाच ठेवा. दुसऱ्यासाठी कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात ठेचलेली लसणाची एक पाकळी, चिमूटभर मिरचीचे दाणे आणि मग चुरा. मंद आचेवर सहा-सात मिनिटं सतत हलवत राहायचं. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग शेवटच्या मिनिटात रंग भराभर चढतो. बदामी झाला की लगेच ताटात काढा, कारण तापलेल्या कढईत तो गॅस बंद केल्यावरही जळत राहतो. मीठ आणि मूठभर अक्रोडाचे बारीक तुकडे घालून डब्यात भरा. हे सकाळी करून ठेवता येतं.

आता पास्त्याचा सॉस. चीज नाही म्हटल्यावर खमंगपणाची जबाबदारी टोमॅटोवर येते, आणि तो ती पेलतो, कारण पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट चांगलं असतं. विशेष म्हणजे ते गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त असतं. परदेशी पुस्तकांत ‘बिया काढून टाका’ असं लिहिलेलं असतं, तिथे चव सिंकमध्ये जाते. बिया ठेवा, साल काढा. साल शिजत नाही आणि कवळीखाली अडकते.

सहा जणांना एक किलो लालबुंद, पिकलेले टोमॅटो लागतील. लांबट, गर जास्त असलेले घ्यावेत. गोल गावरान टोमॅटो चवीला छान, पण आंबट आणि पाणीदार असतात. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढा आणि हाताने किंवा सुरीने ओबडधोबड चिरा. पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवा. दोन कांदे आणि एक गाजर अगदी बारीक चिरून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं परता. गाजर टोमॅटोचा आंबटपणा खाली आणतं, साखर घालावी लागत नाही. मग लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, आणि दोनशे ग्रॅम मश्रूम. मश्रूम वेगळ्या कढईत मोठ्या आचेवर, पाणी आटून कडा तपकिरी होईपर्यंत परतून मगच यात घालायचे. पाणी सुटलेले, पांढरे मश्रूम सॉसला काही देत नाहीत. तपकिरी झालेले मश्रूम चीजची निम्मी उणीव भरून काढतात. घरात मश्रूम चालत नसतील तर वांग्याच्या बारीक फोडी अशाच परतून घाला.

टोमॅटो घातल्यावर झाकण ठेवू नका. पस्तीस-चाळीस मिनिटं मंद उकळू द्या. कधी झालं हे मराठी घरात कुणाला सांगायला नको: कडेने तेल सुटतं. तेल सुटण्याआधी उतरवलेला सॉस कच्चा, आंबट लागतो आणि मग तो झाकायला चीज लागतं. सुकं ओरेगॅनो अर्धा चमचा पुरे. ओव्यात आणि ओरेगॅनोत वासाचे घटक बरेचसे सारखे असतात, त्यामुळे जास्त झालं की घरातली मंडळी ‘यात ओवा घातलास का?’ असं विचारतात. बेझिल मिळत नसेल तर तुळस घालू नका, तिचा वास लवंगेकडे झुकतो. कुंडीत सब्जा असेल तर त्याची चार पानं घाला. वनस्पती तीच आहे, वासात थोडा फरक असतो.

पास्ता विकत घेताना पाकिटामागे घटक वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असं एकच नाव हवं. हा गहू आपल्याला अनोळखी नाही; आपल्याकडे बन्सी म्हणून जो कडक गहू रव्याला आणि शेवयांना वापरतात, तो याच जातीचा. साध्या गव्हाच्या रव्या-मैद्याचा पास्ता पाण्यात पिठूळ होतो, आणि त्यावर कितीही चांगला सॉस घातला तरी काला होतो. सूप आणि भाज्या असताना माणशी साठ ग्रॅमच्या आत पुरतो, म्हणजे सहा जणांना साडेतीनशे ग्रॅम. आकार पेनेचा किंवा पिळाचा घ्या. स्पगेटी गुंडाळून खाणं आजी-आजोबांना शिक्षा वाटते. साडेतीन लिटर पाणी, दोन सपाट मोठे चमचे मीठ. यातलं बहुतेक मीठ पाण्याबरोबर ओतून जातं, पण घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर एकच चमचा घाला आणि वाढताना लिंबू द्या. पाण्यात तेल घालू नका आणि शिजल्यावर गार पाण्याने धुऊ नका. तेलाने सॉस घसरतो आणि धुतल्याने वरचा पिठाचा थर जातो, जो सॉसला धरून ठेवणार असतो.

दोन मिनिटं आधी एक तुकडा मोडून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसला की पास्ता गाळून सॉसमध्ये टाका आणि उरलेलं शिजणं तिथेच होऊ द्या. गाळण्याआधी त्याचं वाटीभर गढूळ पाणी काढून ठेवायला विसरू नका. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतताना हे पाणी थोडं थोडं घालायचं. त्यातल्या पिठामुळे तेल आणि टोमॅटोचं पाणी एकजीव होतं आणि सॉसला चकाकी येते. चीज हेच काम करत असतं. जमलं की नाही हे ताटलीत कळतं: पास्त्याच्या कडेने पाणी ओघळलं तर आणखी मिनिटभर परतायला हवं होतं. इटालियन लोकांना दाताखाली कणी लागलेली आवडते, पण आपल्या ज्येष्ठांना तो ‘कच्चा राहिलाय’ वाटतो. त्यांच्यासाठी सॉसमध्ये दोन मिनिटं जास्त ठेवावा, त्यात कमीपणा काही नाही.

पास्ता लाल, भाज्या पांढऱ्या, तेव्हा सूप टोमॅटोचं नको. पातीचा कांदा आणि बटाटा यांचं सूप इथे शोभतं. युरोपात ते लीक नावाच्या जाड पातीचं करतात. आपला पातीचा कांदा ते काम चांगलं करतो. आधी मटाराच्या शेंगांची सालं, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, दाणे काढलेलं मक्याचं कणीस आणि आठ-दहा मिरे दीड लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळून घ्या. कोबी-फ्लॉवरचे दांडे यात टाकू नका, पाण्याला उग्र वास येतो. या पाण्यातलं सव्वा लिटर सूपला, उरलेलं पांढऱ्या सॉसला ठेवा. पाव किलो पातीचा कांदा चिरून चमचाभर लोण्यावर झाकण ठेवून मऊ करायचा, रंग येऊ द्यायचा नाही. मूठभर हिरवी पात बाजूला राहू द्या. दोन मोठे बटाटे बारीक फोडी करून टाका आणि भाज्यांचं पाणी घालून शिजवा. बटाटा आपोआप दाटपणा देतो, म्हणून कॉर्नफ्लोअर लागत नाही. फक्त हे सूप मिक्सरमध्ये फार फिरवू नका. बटाट्यातलं पीठ सुटून डिंकासारखी तार येते आणि ती मोडायचा उपाय नाही. रवीने घुसळा किंवा पुरणयंत्रातून काढा. शेवटी मिरपूड, बाजूला ठेवलेली पात आणि लिंबाचे काही थेंब. आंबटामुळे मीठ कमी असलं तरी चव उठते.

खरी कसोटी भाज्यांची. इथेच मैत्रिणीच्या सासऱ्यांना पिठलं दिसलं होतं. पांढरा सॉस म्हणजे लोण्यावर परतलेला मैदा आणि दूध. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते, वरच्या चीजवर तो तरून जातो. म्हणून चव आधी दुधात घालायची. चारशे मिलिलिटर दुधात अर्धा कांदा, त्यात खोचलेल्या दोन लवंगा आणि तमालपत्राचा लहान तुकडा टाकून गरम करा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. चाळीस ग्रॅम लोण्यावर तितकाच मैदा, म्हणजे पाच सपाट मोठे चमचे, मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेला वास आला पाहिजे, रंग मात्र फिकटच. गॅसवरून उतरवून दूध थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी गुळगुळीत झाल्यावरच पुढचं. मग भाज्यांचं दोनशे मिलिलिटर पाणी, आणि पाच-सात मिनिटं उकळू द्या. सगळं दूधच घातलं तर सॉस जड होतो. पाण्याने हलका राहतो आणि चवही येते. चमचा बुडवून मागच्या बाजूवर बोटाने रेघ ओढा, ती मिटली नाही तर दाटपणा बरोबर आहे.

आता जायफळ किसा, चार-पाच घासण्या. पुरणपोळीसाठी घरात असतंच ते. युरोपातही पांढऱ्या सॉसला जायफळ लागतंच. आणि सर्वांत महत्त्वाचं, लोणच्याची मोहरीची डाळ अर्धा चमचा बारीक करून चमचाभर गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि गॅस बंद केल्यावर सॉसमध्ये मिसळा. मोहरीचा झणका गार पाण्यातच तयार होतो. थेट गरम सॉसमध्ये कोरडी पूड टाकली तर कडवटपणा तेवढा उरतो. भट्टीत गेल्यावर झणका विरतो आणि मागे मुरल्यासारखी एक चव राहते. मीठ नेहमीपेक्षा किंचित पुढे ठेवा, कारण भाज्या ते ओढून घेतात.

फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार आणि एक बटाटा मिळून आठशे ग्रॅम भाज्या घ्या. खारट पाण्यात चार मिनिटं उकळा आणि पंचावर पसरून पूर्ण कोरड्या करा. बेक्ड भाज्यांचं पाणी-पाणी होतं ते या पायरीवर घाई केल्याने. सिमला मिरची आणि दुधी पाणी सोडतात. त्या आधी परतून घ्या किंवा टाळा. टोमॅटो तर नकोच, दूध फाटतं. भाज्या सॉसमध्ये कालवून पसरट भांड्यात भरा. राखलेला कच्चा चुरा दोन चमचे वितळलेल्या लोण्यात चोळून वर पसरा. प्रत्येक कणाला लोणी लागलं पाहिजे. कोरडा चुरा रंग घेत नाही, कडेने जळतो. दोनशे अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये वरच्या कप्प्यात वीस-पंचवीस मिनिटं. कडेने बुडबुडे आले आणि वर बदामी रंग आला की झालं.

नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हा रंग कधीच येत नाही. ते यंत्र पदार्थातलं पाणी तापवतं, आणि खरपूसपणा यायला पृष्ठभाग कोरडा होऊन शंभर अंशांच्या बराच वर जावा लागतो. कन्व्हेक्शन किंवा ग्रिलची सोय असेल तर ती लावा. ओव्हनच नसेल तर जाड पातेल्यात सॉस-भाज्या मंद आचेवर एकत्र गरम करा, आणि चुरा पास्त्याच्या चुऱ्याबरोबरच परतून वाढताना वर घाला. थर एकसंध येणार नाही, पण चव बरीच जवळ जाते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. घरात चीज चवीमुळे नको असेल तर वरची पद्धत चालेल. पण दूध पचत नाही म्हणून कुणी चीज टाळत असेल, तर पांढरा सॉस उलट जास्त त्रास देईल, कारण मुरलेल्या चीजमध्ये दुधातली साखर अगदी थोडी उरलेली असते आणि दुधात पूर्ण असते. अशा घरी दुधाऐवजी सगळं भाज्यांचं पाणीच घाला आणि लोण्याऐवजी तेल. सॉस थोडा पिवळसर होतो, चवीला कमी नसतो. परदेशी पार्मेझानबद्दलही शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं की मूळ इटालियन पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात.

आठला जेवायचं असेल तर सॉस, चुरा आणि सूप दुपारपर्यंत आटपा. सूपमध्ये वाढताना तेवढी पात आणि लिंबू घाला. भाज्या कालवून भांडं तयार ठेवा, चुरा मात्र ओव्हनमध्ये जाताना पसरा. साडेसातला ओव्हन सुरू करा. मंडळी सूपला बसली की पास्ता उकळत्या पाण्यात टाका. सूप संपेपर्यंत तो सॉसमध्ये जायला तयार होतो. पास्ता आधी करून ठेवला की फुगतो आणि सॉस पिऊन टाकतो. त्यावर खमंग चुरा टेबलावरच, ज्याच्या त्याच्या पानात. चुरा पाच मिनिटांत मऊ पडतो.

मैत्रिणीकडे आता सातवीतल्या मुलासाठी वाटीत किसलेलं चीज वेगळं ठेवतात, हवं त्याने घ्यावं. सासरे पास्त्यावर चुरा दुसऱ्यांदा मागून घेतात. टोमॅटोचा सॉस उरला तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस नीट राहतो. पांढऱ्या सॉसच्या भाज्या मात्र दुसऱ्या दिवशी संपवा.